टीव्हीची खरी परीक्षा अकराव्या महिन्यात! २० महिने वापरलेल्या स्मार्ट टीव्हीने काय दाखवून दिलं?

नवा स्मार्ट टीव्ही घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात सगळंच छान वाटतं. यूट्यूबवरचे बहुतेक रिव्ह्यूही याच पहिल्या आठवड्यातले असतात. पण टीव्ही आपण आठवडाभरासाठी घेत नाही, पाच-सात वर्षांसाठी घेतो. आणि कंपनीची वॉरंटी बहुतेक वेळा एकाच वर्षाची असते. मग वर्ष उलटल्यावर चित्र कसं दिसतं, आवाज पुरतो का, अ‍ॅप किती वेळात उघडतात आणि बिघाड झाला तर खिशाला किती चाट बसते? पिंपरी-चिंचवडमधल्या एका घरातल्या टीव्हीचा २० महिन्यांचा प्रवास पाहिला, की या चारही प्रश्नांची उत्तरं मिळतात.

या कुटुंबाने ऑक्टोबर २०२३ मध्ये, दसऱ्याच्या सेलमध्ये, ४३ इंची फोर-के गूगल टीव्ही २४ हजार रुपयांना घेतला. दोन जीबी रॅम, आठ जीबी स्टोरेज, २० वॉटचे स्पीकर आणि एक वर्षाची वॉरंटी. या किमतीत मिळणाऱ्या बहुतेक टीव्हींचं साधारण हेच गणित असतं. घरात चार माणसं. दुपारी आजींच्या मालिका, संध्याकाळी बातम्या, रात्री ओटीटी आणि सुट्टीच्या दिवशी क्रिकेट. रोजचा वापर सरासरी सहा तासांचा. जून २०२५ मध्ये एका रात्री आवाज सुरू राहिला आणि चित्र गेलं. तेव्हा वॉरंटी संपून आठ महिने झाले होते.

चित्र : फोर-के आहे, पण तुम्ही पाहताय काय?

फोर-के टीव्हीच्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. साध्या एसडी चॅनेलच्या चित्रात जेमतेम सव्वाचार लाख ठिपके असतात. म्हणजे चॅनेलकडून आलेल्या एका ठिपक्याचे टीव्हीला जवळपास २० ठिपके करावे लागतात. उरलेले १९ तो अंदाजाने भरतो. त्यामुळे जुन्या डबा टीव्हीवर बरी दिसणारी मालिका नव्या टीव्हीवर पुसट दिसते आणि घरात पहिली तक्रार येते, की टीव्हीच खराब निघाला.

या घरातही पहिल्या महिन्यात तेच झालं. सेटटॉप बॉक्सवरचं पॅकेज एसडी होतं. आजींच्या दोन-तीन आवडत्या चॅनेलचे एचडी पर्याय घेतल्यावर ही तक्रार मिटली. टीव्ही बदलायची गरज नव्हती, सिग्नल बदलायची होती.

दुसरा मुद्दा अंतराचा. ४३ इंची पडद्यापासून साडेपाच-सहा फुटांपेक्षा लांब बसलं, की फुल एचडी आणि फोर-के यांतला बारकावा साधारण नजरेला फारसा ओळखू येत नाही. आपल्याकडच्या दिवाणखान्यात सोफा आणि टीव्ही यांत बऱ्याचदा आठ-दहा फूट अंतर असतं. त्यामुळे या आकारात फोर-केपेक्षा पॅनेलचा काळेपणा आणि उजेड यांनी जास्त फरक पडतो.

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या एचडीआरचंही तसंच आहे. एचडीआर चित्रात उजेडाच्या जागा जास्त उजळ आणि अंधाराच्या जागा खरोखर काळ्या दिसायला हव्यात. त्यासाठी पडद्याला भरपूर उजेड देता यायला हवा आणि वेगवेगळ्या भागांचा उजेड वेगवेगळा कमी-जास्त करता यायला हवा. स्वस्त टीव्हीत पूर्ण पडद्यामागचे दिवे एकत्रच मंद-तेज होतात. असा टीव्ही एचडीआरचा सिग्नल स्वीकारतो, पण त्यातली जादू दाखवू शकत नाही. या घरात तर रात्रीच्या प्रसंगांत एचडीआरचं चित्र साध्या चित्रापेक्षा अंधारं वाटायचं. उजेड कमी पडतो तेव्हा असंच होतं.

पॅनेलचा प्रकार मात्र २० महिन्यांनंतरही उपयोगी ठरला. एलसीडी पॅनेल मुख्यतः दोन प्रकारचे असतात. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग जास्त गडद दिसतो, पण बाजूला बसलं की रंग फिके पडतात. आयपीएस पॅनेल बाजूनेही नीट दिसतो, पण अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा रंग राखाडी वाटतो. या घरातला टीव्ही व्हीए होता. समोरच्या सोफ्यावरून चित्र उत्तम. बाजूच्या दिवाणावर बसणाऱ्या आजींना चेहरे मात्र फिके दिसायचे. दुकानात टीव्ही पाहताना समोर उभं राहून झालं, की दोन पावलं डावीकडे-उजवीकडे जाऊनही पाहावं, ते यासाठीच.

‘बॅकलाइट’ १०० वर : इथूनच गोष्ट बिघडली

एलईडी टीव्हीचा पडदा स्वतः उजेड देत नाही. पुढे काचेचं एलसीडी पॅनेल असतं आणि मागे पट्ट्यांवर बसवलेले बारीक एलईडी दिवे. या दिव्यांच्या रचनेला बॅकलाइट म्हणतात. ओएलईडी टीव्हीत ही भानगड नसते, पण तो या किमतीत मिळत नाही.

नवीन टीव्ही चकचकीत दिसावा म्हणून अनेक मॉडेल सुरुवातीला `Vivid` किंवा `Dynamic` मोडमध्ये असतात. त्यात रंग भडक असतात आणि बॅकलाइट १०० टक्क्यांवर किंवा त्याच्या जवळपास असतो. दुकानातल्या लख्ख ट्यूबलाइटमध्ये ते ठीक आहे. घरात मात्र त्याची गरज नसते आणि त्याने डोळ्यांनाही त्रास होतो. मोठा तोटा दिसत नाही, तो म्हणजे उष्णता. दिव्यांतून जितका जास्त करंट जातो, तितके ते तापतात आणि तितके लवकर थकतात. टीव्ही पातळ, भिंतीला चिकटलेला, त्यात पुण्याचा एप्रिल-मे, मग ही उष्णता जाणार कुठे?

या कुटुंबाने सेटिंगला कधी हात लावला नव्हता. २० महिने, रोज सहा तास, म्हणजे साधारण ३,६०० तास बॅकलाइट पूर्ण ताकदीने जळत होता.

उपाय दोन मिनिटांचा आहे. पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन मोड `Movie`, `Cinema` किंवा `Filmmaker Mode` करा आणि `Backlight` ५० ते ६० वर आणा. पहिले दोन दिवस चित्र पिवळसर आणि मंद वाटेल, मग डोळ्यांना सवय होते. एक गोष्ट लक्षात ठेवा. बऱ्याच टीव्हींत `Brightness` नावाचा वेगळा पर्याय असतो. तो दिव्यांचा उजेड बदलत नाही, फक्त काळा रंग किती गडद दिसावा ते ठरवतो. तो कमी केल्याने दिवे थंड राहत नाहीत, उलट अंधाऱ्या प्रसंगांतले बारकावे मात्र नाहीसे होतात. दोन्हींपैकी कोणता पर्याय दिव्यांचा, हे ओळखायचं असेल तर पांढरं चित्र लावून आकडा शून्यापर्यंत न्या. पूर्ण पडदा मंदावला तर तो बॅकलाइट.

आवाज : २० वॉट आहेत, पण संवाद ऐकू येत नाहीत

पातळ टीव्हीत स्पीकरला जागा नसते. ते खालच्या कडेला, जमिनीकडे तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी खाली जातो आणि टेबलावर किंवा भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो. त्यामुळे आवाज मोठा असला तरी बोलणं अस्पष्ट राहतं. या घरात संवादासाठी आवाज वाढवायचा आणि गाणं किंवा मारामारी आली की घाईघाईने कमी करायचा, हा रोजचा खेळ झाला होता.

यामागे आणखी एक कारण आहे. ओटीटीवरचे अनेक सिनेमे ५.१ आवाजात असतात. त्यात संवादांसाठी मधला स्वतंत्र चॅनेल असतो. टीव्हीत दोनच स्पीकर असल्याने सहा चॅनेलचा आवाज या दोनांत कोंबला जातो आणि पार्श्वसंगीत संवादांवर चढतं. म्हणून अ‍ॅपच्या ऑडिओ पर्यायांत जिथे `5.1` नसलेला साधा आवाज निवडता येतो, तिथे तो निवडावा. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये `Surround` बंद ठेवून `News`, `Speech` किंवा `Clear Voice` यांसारखा जो मोड असेल तो लावावा. आजींची निम्मी तक्रार एवढ्यानेच गेली.

उरलेली निम्मी गेली ती नवव्या महिन्यात घेतलेल्या साडेचार हजारांच्या साउंडबारने. तो जोडताना टीव्हीच्या मागे ज्या एचडीएमआय पोर्टवर `ARC` लिहिलेलं असतं, तिथेच केबल लावावी लागते आणि सेटिंगमध्ये `CEC` सुरू करावं लागतं. तसं केलं की एकाच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. साउंडबार लावल्यावर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, असं झालं तर डिजिटल ऑडिओ आउटपुटमध्ये `Auto` ऐवजी `PCM` निवडून पाहावं. या घरात त्यानेच काम झालं.

थोडक्यात, टीव्ही घेतानाच बजेटमधून चार-पाच हजार आवाजासाठी बाजूला ठेवणं शहाणपणाचं. ३० वॉटचा टीव्ही घेऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण अडचण वॉटची नाही, स्पीकरच्या जागेची आहे.

अ‍ॅप : टीव्ही तोच, मग मंद का झाला?

पहिल्या महिन्यात बटण दाबल्यापासून होम स्क्रीन दिसेपर्यंत साधारण ४० सेकंद लागायचे. हा वेळ टीव्ही स्विचवरून पूर्ण बंद करून सुरू केल्यावरचा. दीड वर्षानंतर हाच वेळ सव्वा मिनिटावर गेला. यूट्यूब उघडायला चार सेकंद लागायचे, ते दहा झाले. रिमोटचं बटण दाबल्यावर क्षणभर काहीच न होणं आणि मग एकदम तीन घरं पुढे उडी जाणं, हे रोजचं झालं.

टीव्हीचा प्रोसेसर म्हातारा होत नाही. भरतं ते स्टोरेज. आठ जीबीपैकी मोठा हिस्सा ऑपरेटिंग सिस्टिम आणि कंपनीची आधीपासून टाकलेली अ‍ॅप खातात. वापरायला जेमतेम साडेचार जीबी उरतात. प्रत्येक अपडेटबरोबर अ‍ॅप थोडं जाड होतं आणि त्याची कॅशे वाढते. या टीव्हीत दीड वर्षाने ३०० एमबी जागा शिल्लक होती. स्वस्त फ्लॅश मेमरी इतकी भरली, की तिच्यावर लिहायला वेळ लागतो आणि सगळा टीव्हीच अडखळतो.

दुसरी अडचण दोन जीबी रॅमची. एक मोठं अ‍ॅप सुरू असताना दुसरं उघडलं, की सिस्टिम पहिल्याला मेमरीतून बाहेर काढते. म्हणून मालिका थांबवून यूट्यूबवर जाऊन परत आलं, तर अ‍ॅप पुन्हा लोगोपासून सुरू होतं. हा बिघाड नाही, जागेची मर्यादा आहे. एक जीबी किंवा दीड जीबी रॅमचा टीव्ही घेऊ नये असं म्हणतात, ते यामुळेच.

या घरात तीन गोष्टी केल्या. न वापरलेली सात अ‍ॅप काढली किंवा `Disable` केली आणि मोठ्या अ‍ॅपची कॅशे साफ केली. त्याने सुमारे सव्वा जीबी जागा मोकळी झाली. मग गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये `Apps-only mode` सुरू केला. त्यामुळे होम स्क्रीनवरच्या शिफारशींचे मोठमोठे फोटो लोड होणं थांबतं. बदल्यात त्या मोडमध्ये आवाजी सहायक मिळत नाही, हे माहीत असावं. तिसरी गोष्ट म्हणजे आठवड्यातून एकदा टीव्ही `Restart` करणं. रिमोटने बंद केलेला टीव्ही खरं तर झोपलेला असतो, बंद नसतो. यानंतर यूट्यूब पाच-सहा सेकंदांत उघडू लागलं. पहिल्या दिवसाचा वेग परत आला नाही, पण चीडचीड थांबली.

मालिका मध्येच अडकत असेल, तर मात्र दोष टीव्हीचा की इंटरनेटचा, ते आधी पाहावं. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस आणि फुल एचडीसाठी पाच एमबीपीएस वेग सुचवतं. राउटर शेजारच्या खोलीत असताना टीव्ही २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर असेल, तर इमारतीतल्या सगळ्या राउटरच्या गर्दीत तो अडकतो. जमलं तर ५ गिगाहर्ट्झवर जोडावा. मेन्यू अडखळत असेल तर दोष टीव्हीचा, मेन्यू सुरळीत आणि फक्त व्हिडिओ गोल फिरत असेल तर दोष बहुधा इंटरनेटचा, अशी सोपी ओळख आहे.

टीव्हीचा हा ‘स्मार्ट’ भागच सर्वांत आधी जुना होतो. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्स काही जुन्या स्मार्ट टीव्हींवर चालेनासं झालं, तेव्हा त्या टीव्हींच्या पडद्यात काहीच बिघाड नव्हता. पण यावर स्वस्त तोड आहे. साधारण तीन ते सहा हजारांची स्ट्रीमिंग स्टिक एचडीएमआयला लावली, की टीव्ही फक्त पडदा उरतो आणि अ‍ॅप स्टिकवर चालतात. स्पीकर आणि अ‍ॅप या दोन्ही गोष्टी बाहेरून बदलता येतात. पॅनेल आणि बॅकलाइट बदलणं मात्र महाग किंवा जिकिरीचं. म्हणून टीव्ही निवडताना पैसे पॅनेलवर लावावेत, अ‍ॅपच्या यादीवर नव्हे.

चित्र गेलं त्या रात्री : १६,५०० की २,८००?

जूनमधल्या त्या रात्री बातम्या सुरू असताना पडदा काळा झाला. आवाज येत होता, रिमोटने चॅनेल बदलत होते. बंद करून सुरू केल्यावर एक सेकंद लोगो दिसायचा आणि पुन्हा अंधार.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून तिसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आला. भेटीचे शुल्क पाचशेच्या आसपास. त्याने पॅनेल बदलावा लागेल असं सांगून १६,५०० रुपयांचा अंदाज दिला. २४ हजारांच्या टीव्हीला एवढा खर्च करण्यापेक्षा नवा घ्यावा, असं कोणालाही वाटेल. या कुटुंबालाही तेच वाटलं होतं.

पण एक रुपयाही न खर्चता करता येणारी एक चाचणी आहे. खोलीत अंधार करा, टीव्ही सुरू ठेवा, मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ तिरका धरा आणि रिमोटवर मेन्यूचं बटण दाबा. टॉर्चच्या उजेडात मेन्यूची अक्षरं किंवा माणसांच्या आकृत्या पुसट का होईना हलताना दिसल्या, तर पॅनेल चित्र तयार करतंय. फक्त त्यामागचा उजेड गेलाय. म्हणजे दोष बॅकलाइटचा. पट्टीवरचे एलईडी एकामागे एक जोडलेले असतात. त्यांतला एक जळून तुटला, की जुन्या दिव्यांच्या माळेसारखी सगळी रांग विझते. काही टीव्हींत हा दोष लक्षात आल्यावर सर्किट उरलेल्या रांगाही बंद करतं. लोगो क्षणभर दिसून अंधार होतो, तो यामुळे.

टॉर्च मारूनही काहीच दिसलं नाही आणि आवाज मात्र येत असेल, तर दोष पॅनेलचा, त्याला सिग्नल देणाऱ्या बोर्डाचा किंवा मधल्या केबलचा असू शकतो. पडदा उजळलेला पण त्यावर उभ्या रेघा, किंवा अर्धा पडदा गेलेला, तर बहुधा पॅनेलच. तिथे दुरुस्ती सहसा परवडत नाही. आणि खालचा लाल दिवाच लागत नसेल, तर आधी प्लग, मग पॉवर सप्लाय तपासावा. हा बिघाड तुलनेने स्वस्तात निघतो.

चिंचवडच्या टीव्हीवर टॉर्च धरल्यावर मेन्यू दिसला. मग घराजवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने बॅकलाइटच्या सगळ्या पट्ट्या बदलून देण्याचे २,८०० रुपये सांगितले, तीन महिन्यांच्या हमीसह. दोन दिवसांत टीव्ही सुरू झाला.

दोन आकड्यांत इतकी तफावत कशी? अधिकृत केंद्रं अनेकदा सुटा भाग दुरुस्त करत नाहीत, पॅनेल आणि बॅकलाइट मिळून अख्खा संच बदलतात. त्यांच्यासाठी ते कमी जोखमीचं असतं. पट्ट्या बदलायच्या तर पुठ्ठ्याइतकी पातळ काच उचलून बाजूला ठेवावी लागते. ती वाकली किंवा तिच्या कडेची नाजूक पट्टी ओढली गेली, तर पॅनेल कायमचा जातो. म्हणून बाहेर दुरुस्ती करताना आधीच विचारावं, की काच फुटली तर जबाबदारी कोणाची. उत्तर शक्यतो पावतीवर लिहून घ्यावं. जळलेला एकच एलईडी किंवा एकच पट्टी बदलून घेऊ नये. बाकीचे दिवेही तितकेच तास जळलेले असतात आणि नव्या-जुन्या पट्टीच्या उजेडात फरक दिसतो. आणि टीव्ही परत आला, की बॅकलाइट आधी ६० वर आणावा. नाहीतर नव्या पट्ट्यांचंही तेच होईल.

दुरुस्ती की नवा, हे ठरवताना नव्याची आजची किंमत पाहावी. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे. कंपनीची मूळ किंमत तीच राहिली, तर २४ हजारांचा टीव्ही सुमारे २२,१०० रुपयांना पडतो. अशा टीव्हीवर अडीच-तीन हजारांची दुरुस्ती करणं पटतं. निम्म्या किमतीच्या वर खर्च जात असेल, तर नव्याचा विचार करावा.

खरी चुटपुट : डाग आधीच दिसला होता

या कहाणीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र जूनच्या बऱ्याच आधीची आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे अकराव्या महिन्यात, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात नाण्याएवढा पांढरट डाग दिसू लागला होता. क्रिकेटच्या हिरव्या मैदानावर तो जाणवायचा. घरात सगळ्यांनी पाहिला आणि सोडून दिला. पुढे तशाच दोन ठिकाणी पांढरे ठिपके आले आणि डाव्या बाजूला जांभळट झाक आली.

ही बॅकलाइट थकल्याची लक्षणं आहेत. प्रत्येक एलईडीवर उजेड पसरवणारी प्लॅस्टिकची छोटी भिंग चिकटवलेली असते. उष्णतेने गोंद सुटून भिंग पडली, की तिथला उजेड पसरत नाही आणि गोल पांढरा ठिपका दिसतो. जांभळट किंवा निळसर झाक येते ती दिव्यावरचा पिवळा थर उष्णतेने खराब झाल्यावर. पांढरा एलईडी मुळात निळा असतो आणि हा थर त्याला पांढरा करतो. थर गेला की आतला निळा बाहेर येतो.

पहिला डाग दिसला तेव्हा वॉरंटीचा महिना शिल्लक होता. तेव्हा तक्रार नोंदवली असती, तर कंपनीच्या खर्चाने दुरुस्ती मागता आली असती.

म्हणून टीव्हीची तपासणी अकराव्या महिन्यात करावी आणि त्यासाठी मोबाइलमध्ये आजच रिमाइंडर लावावा. यूट्यूबवर `white screen`, `grey screen` आणि `black screen` असे व्हिडिओ मिळतात. खोलीत अंधार करून पांढरा पडदा दोन मिनिटं पाहा. गोल उजळ ठिपके, जांभळट भाग किंवा मंद पट्टा दिसतो का? मग राखाडी पाहा. त्यावर किंचित ढगाळपणा बहुतेक टीव्हींत असतो, तो दोष नाही. ठसठशीत डाग किंवा रेघ असेल तर आहे. शेवटी काळा पडदा. कडेला थोडा उजेड झिरपणं नेहमीचं, पण एखादा रंगीत ठिपका सतत पेटलेला असेल तर तो टिपून ठेवा. सोबत सगळे एचडीएमआय आणि यूएसबी पोर्ट एकदा लावून पाहा आणि दोन्ही स्पीकर वाजतात ना ते ऐका.

काही सापडलं तर फोटो काढा आणि वॉरंटी संपण्याआधी तक्रार लेखी करा. फोनवर बोलणं झालं तरी तक्रार क्रमांक आणि ईमेल हातात असू द्या. तंत्रज्ञ वॉरंटी संपल्यावर आला, तरी तक्रारीची तारीख आधीची आहे हे दाखवता येतं. त्यासाठी बिलाची पीडीएफ आणि टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा, म्हणजे मॉडेल आणि सीरियल क्रमांकाचा, फोटो लागतो. टीव्ही भिंतीवर चढवण्याआधीच तो काढलेला बरा. कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

वाढीव वॉरंटी घ्यावी का?

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी वाचाव्यात. ती टीव्ही कंपनीची आहे की विकणाऱ्या दुकानाची किंवा तिसऱ्याच कोणाची? तिच्यात पॅनेल आणि बॅकलाइट दोन्ही येतात का? आणि दुरुस्ती शक्य नसेल तर पूर्ण किंमत मिळते की वर्षागणिक घसारा कापून? काच फुटणं तिच्यात सहसा येत नाही. या घरातल्या टीव्हीला पॅनेल-बॅकलाइटसह दोन वर्षांची वाढीव वॉरंटी दोन हजारांत मिळाली असती, तर एका दुरुस्तीतच ती वसूल झाली असती. पण ‘पॅनेल वगळून’ अशी अट असलेली वॉरंटी घेण्यात अर्थ नाही, कारण सर्वांत महाग भागच तिच्या बाहेर राहतो.

दुरुस्तीनंतर हा टीव्ही आजही सुरू आहे. बॅकलाइट ५५ वर आहे, संवाद साउंडबारवर नीट ऐकू येतात आणि अ‍ॅप पुन्हा रखडली, तर स्टिक घ्यायची असं ठरलंय. तुमच्या टीव्हीला वर्ष व्हायचं असेल, तर आज रात्री दिवे घालवून पांढरा पडदा लावा आणि दोन मिनिटं कोपरे नीट पाहा.